चोर पळाला, गाव थांबेना

नेसरीच्या रत्नाबाईला उभ्या जन्मात कुणी वावगं बोललं नव्हतं. बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पूजेला सगळ्यांत आधी हजर, सून-मुलींच्या बाळंतपणाला सगळ्यांत आधी हजर, मयताच्या घरी भाकरी घेऊन सगळ्यांत आधी हजर. अशी बाई. आणि आता कोल्हापुरातल्या दवाखान्याच्या बाकावर बसून ती भावकीचे बोल गिळत होती. गिळत होती म्हणजे अक्षरशः गिळत होती. वर दोन घोट पाणीही प्यायला तयार नव्हती.

"आई हाय का वैरीण? तापलेल्या पोराला उपाशी ठिवला!" थोरली जाऊ शालूबाई फोनवर कुणाला तरी सांगत होती. तोंडाला रुमाल बांधला होता, पण आवाजाला कुठला रुमाल पुरायला! सगळ्या मजल्याला ऐकू गेलं.

झालं होतं ते असं. भादव्यात पर्युषण आलं आणि रत्नाबाईच्या पोरानं, वृषभनं, दहा दिवसांच्या उपवासाचा नियम घेतला. दहा दिवस नुसतं उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवसातून एकदा. पोरगा सत्तावीस वर्षांचा, ट्रॅक्टरचं चाक एकट्यानं उचलून बाजूला ठेवणारा. गावातल्या तरण्या पोरांत असला नियम कुणी घेतला नव्हता. रत्नाबाईचा ऊर भरून आला. दुपारच्या वेळी ती शेजारणींना उगाच हाका मारायची, काय हवं-नको विचारायची आणि मग हळूच सांगायची, "आमच्या वृषभचा सहावा दिवस हाय आज."

आठव्या दिवशी पोराला कणकण आली. घसा दुखायला लागला. त्याआधी त्याचा बाप जयपाल तापानं चार दिवस पडून उठला होता, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पावसाळ्यातला ताप, येतो आणि जातो. तरी वृषभ आईजवळ येऊन म्हणाला होता, "आव्वा, अंगात लई कसकस हाय. गोळी घिऊ का?"

गोळी घेतली की नियम मोडला. रत्नाबाईनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "दोन दिसांचं काय घिऊन बसलास? काढ की तेवढं."

पोरानं काढलं. अनंत चतुर्दशी झाली, पारण्याच्या सकाळी गावानं ट्रॉली सजवली, बँजो लावला, उपवासकऱ्यांना वर बसवून बस्तीपर्यंत मिरवत नेलं. वृषभच्या गळ्यात एवढे हार की तोंड दिसेना. शेजारच्या पोरानं विचारलं, "काय रं, दम लागलाय का?" तर तो हसला. पारण्याचा मुगाच्या पाण्याचा पहिला घोट घेतला आणि खोकत खोकत तिथंच खाली बसला. ओठ जांभळट पडले होते. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि हातातलं काम टाकून स्वतः ॲम्ब्युलन्सला फोन केला.

ते साल दोन हजार नऊ. पुण्यात माणसं पटापट जात होती, पेपर उघडला की स्वाईन फ्लू. कोल्हापुरात कुणी शिंकलं की एस.टी.तली शेजारची सीट रिकामी व्हायची. वृषभच्या घशातला नमुना पुण्याला गेला आणि उत्तर आलं: तोच.

तेव्हापासून तो त्या बंद दाराच्या आत होता. दाराला वीतभर काच. काचेतून दिसायचं ते एवढंच: पांढरी चादर, तोंडात नळी, शेजारी व्हेंटिलेटर, आणि डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या सिस्टर. आपलं पोरगं कुठलं नि मशीन कुठलं, हेही पहिल्यांदा रत्नाबाईला कळेना.

जयपाल बायकोशी बोलत नव्हता. एकदाच बोलला, तेही भिंतीकडं तोंड करून. "तुझ्या तपानं पोरगं खाल्लं."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला शाहूवाडीकडची पारूबाई बसायची. भाताच्या रोपणीनं कमरेत वाकलेली, बडबडी, आल्या-गेल्याला नाव-गाव विचारणारी. तिचा मुलगा संघर्ष आत वृषभच्या शेजारच्याच खाटेवर होता. बावीस वर्षांचा, बी.एड.ला. "मी तर पयल्या दिशीच आणला बघ," ती रत्नाबाईला सांगायची. "नुसतं अंग कोमट लागलं, तर हिसका दिऊन एस.टी.त घातला. त्याच सांजंला गोळी चालू. टीव्हीवर सांगत्यात न्हवं का, उशीर करू नका म्हून." सांगताना तिला जरा धीर यायचा. आपण चुकलो नाही हा केवढा मोठा आधार असतो! रत्नाबाई मान हलवायची आणि पदराचं टोक पिळत बसायची.

पारूबाई तिला "रत्नाक्का" म्हणायची. आपल्या डब्यातली भाकरी पुढं करायची, मग एकदम आठवून म्हणायची, "व्हय की, तुमच्यात कांदा-लसूण चालत न्हाय. बरं, कोरडी खा." रत्नाबाई खायची नाही. पोटात पोरगं उपाशी ठेवल्याचा दगड होता, भाकरी जाणार कुठं?

आतल्या डॉक्टरीणबाई निशा. वय फार नव्हतं, पण बोलणं तोंडावर. वडील एस.टी.त कंडक्टर होते म्हणे; आवाज तिथूनच आला असावा. झगा, टोपी, चष्म्यावर चष्मा, मास्क काढला की गालावर त्याचे वळ उठलेले. रोज दुपारी दारातून बाहेर यायची, सगळ्यांना सहा हात लांब उभं करायची आणि सांगायची. त्या दिवशी म्हणाली, "छातीच्या फोटोत दोन्ही फुफ्फुसं पांढरी आलीत. कालच्यापेक्षा जास्त."

"मॅडम, ताकदीचं काय तरी चढवा की!" जयपाल पुढं सरकला. "उपाशी पडल्यालं पोर. अंगात दम ऱ्हायला न्हाय, म्हून रोग चढला. काय म्हागातलं इंजेक्शन असंल ते सांगा."

"नळीतून पोटात खाणं चालूय त्याचं. ताकदीचं इंजेक्शन नसतं काका," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि पुढचं सांगणार, एवढ्यात आतून सिस्टरनं हाक मारली. गेली पळत.

दम राहिला नाही! हे वाक्य रत्नाबाईच्या काळजात रुतलं. दम गेला तो आपल्यामुळं. मग तो आपणच परत आणायचा. शालूबाईनं गावाकडून गुळवेलीचा काढा आणवला होता, गडद हिरवा, बाटलीभर. त्या दिवसांत घरोघरी गुळवेल उकळत होती. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून लोक कुंपणाच्या वेली ओरबाडून नेत होते. रत्नाबाईनं बाटली पदराखाली घेतली आणि दाराशी येऊन सिस्टर अक्षताच्या हाताला धरलं. "तेवढं नळीतनं घाल गं बाई. कुणाला सांगू नगंस. तुझ्या पाया पडते."

अक्षतानं बाटली घेतली नाही. आरडाओरडाही केला नाही. आत गेली आणि डॉक्टरीणबाईला घेऊन आली.

आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून रत्नाबाई अंग चोरून उभी राहिली. डॉक्टरीणबाईनं बाटलीचं झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "चला मावशी, जिन्यावर बसू. पाय गेलेत माझे."

जिन्याच्या पायरीवर दोघी बसल्या. खाली आवारात कुणीतरी नारळपाणी विकत होतं.

"काय आहे ह्यात?"

"गुळवेल. प्रतिकारशक्ती वाढते म्हनत्यात."

"हां. आणि तुमच्या पोराची प्रतिकारशक्ती कमी आहे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

रत्नाबाई एकदम बांध फुटल्यासारखी बोलली. उपवास, आठवा दिवस, कणकण, "दोन दिसांचं काय घिऊन बसलास," सगळं. "मी त्येला वाळवला, बाई. वाळलं म्हून रोगानं धरलं. त्येचा बाप बघा, पासष्टी आली, साखर हाय अंगात, तरी चार दिसांत उठला. का? तर तो जेवून-खाऊन हुता."

डॉक्टरीणबाईनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मावशी, तुमच्या घरात चोर शिरला समजा. एकटा चोर. तुम्ही ओरडलात, 'चोर, चोर!' शेजारी धावला, त्यानं आणखी चौघांना हाक मारली, त्या चौघांनी चाळिसांना. अख्खं गाव काठ्या-कुऱ्हाडी घेऊन घरात घुसलं. अंधारात कुणाला काही दिसेना. भांडी फोडली, धान्याच्या कणग्या उलथल्या, भिंतीला भगदाडं पाडली. चोर तोवर मार खाऊन मागच्या दारानं पळाला सुद्धा. पण गाव काही थांबेना. एक हाक ऐकून दुसरा हाक देतोय."

"म्हंजे?"

"विषाणू हा चोर. आणि गाव म्हणजे आपल्या रक्तातल्या राखणदार पेशी. त्या एकमेकींना हाका मारतात, त्या हाकांना सायटोकाईन म्हणतात. कामापुरत्या मारल्या तर रोग जातो. थांबल्याच नाहीत, तर त्याला आम्ही वादळ म्हणतो. ह्या हाकांनी फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात, आणि जिथं हवा जायची तिथं पाणी साठतं. वृषभचं तेच झालंय. त्याच्या घशातला दुसरा नमुना परवा पुण्याला पाठवलेला, त्यात विषाणू सापडला नाही. फ्लूच्या गोळ्यांनी त्यांचं काम केलं. तरी फुफ्फुसं भरतच चाललीत. तरणं रक्त, ह्या विषाणूशी कधी गाठ पडलेली नाही, ते बिथरलं. तुमच्या मालकांच्या वयाच्या माणसांना असलाच एखादा फ्लू लहानपणी होऊन गेलेला असणार. त्यांच्या शरीरानं चोर ओळखला, चार रट्टे दिले, विषय संपला."

रत्नाबाई बाटलीकडं बघत राहिली. "म्हंजे त्येची ताकदच..."

"ताकदच त्याच्यावर उलटलीय. आणि तुम्ही गावाला आणखी काठ्या पोचवायला निघालाय."

"मग त्यास्नी गप करायचं औषध न्हाय?"

"आहे की, स्टेरॉइड. पण ते सगळ्या गावाच्याच हातापायांत बेड्या घालतं. मग दुसरे चोर शिरतात आणि अडवायला कुणी नसतं. ह्या आजारात त्याचे मोठे डोस देऊन माणसं जास्त दगावली, असंही बघण्यात आलंय. नक्की कुणालाच माहीत नाही अजून. न कळता मी देणार नाही. आमच्या हातात एवढंच आहे, गाव दमून घरी जाईपर्यंत घराचे वासे धरून ठेवायचे."

नारळवाला ओरडत पुढं गेला. रत्नाबाईनं जे विचारायचं होतं ते शेवटी विचारलं. "मग माझ्या उपासानं न्हाय झालं?"

खोटं बोलायला काय जात होतं डॉक्टरीणबाईचं? एक 'नाही' म्हटलं असतं तर ही बाई रडली असती, मोकळी झाली असती. पण तिनं मास्कची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "उपवासानं अशक्त झाला म्हणून हे झालं, असं नाही. ते डोक्यातून काढा. पण गोळी पहिल्या दोन दिवसांत चालू झाली तर तिचा गुण जास्त येतो, हे खरं आहे. लवकर घेतली असती तर? कदाचित हाका एवढ्या वाढल्या नसत्या. कदाचित वाढल्याही असत्या. मी देव नाही मावशी."

रत्नाबाईनं मान डोलावली. काढ्याची बाटली तिनं खाली येऊन आवारातल्या कुंडीत रिकामी केली. दगड हलला होता, पण गेला नव्हता. अर्धा गेला म्हणायचा. उरलेला अर्धा जास्त टोचत होता, कारण तो खरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेजवळ गर्दी झाली. वृषभ खाटेवर उसळत होता. छाती वर यायची, मान ताठ व्हायची, मशीन टीं-टीं करून ओरडायचं, सिस्टर धावायच्या. गुंगीचं औषध चालू असूनही त्याचं शरीर आवरत नव्हतं.

जयपालच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू. "बघा, बघा! झुंजतंय पोरगं! म्हटलं न्हवतं, हार मानायचा न्हाय म्हून?"

डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आली ती घामानं निथळत. "काका, तो मशीनशी भांडतोय. मशीन हवा आत ढकलतं, तेव्हा तो बाहेर ढकलतो. फुफ्फुसं आधीच जखमी, ह्या धक्क्यांनी फाटतील. त्याला औषधानं पूर्ण ढिलं करायचंय. बोट हलणार नाही, स्वतःचा एक श्वास घेणार नाही, असं. मग मशीन अगदी थोडी थोडी हवा देईल. आणि पालथं झोपवणार आहे, म्हणजे पाठीकडची फुफ्फुसं उघडतील. धोका आहे. पालथं करताना नळी निघू शकते, रक्तदाब पडू शकतो. घरच्यांची सही लागते."

"बोट हलनार न्हाय?" जयपालचं हसू मावळलं. "मड्यागत पाडून ठिवनार व्हय त्येला? झुंजनाऱ्या गड्याचं हातपाय बांधून? न्हाय! तेवढाच तर दम उरलाय त्येच्यात, त्योबी काढून घेनार?"

"काका..."

"सही न्हाय म्हंजे न्हाय! मुंबैला न्हितो मी त्येला."

"रंकाळ्यापर्यंत तरी पोचेल का, बघा." डॉक्टरीणबाईचा आवाज चढला आणि मग तिनं तो आवरला. मशीन आत पुन्हा ओरडलं.

शालूबाई म्हणाली, "भावजी म्हनत्यात ते बरोबर हाय." आणखी दोघे-तिघे पाव्हणे आले होते, तेही म्हणाले, बरोबर आहे. लढणाऱ्याला लढू द्यावं. ह्यात न कळण्यासारखं काय आहे? आपल्याकडं खाटेवरच्या माणसाला सांगतात काय, तर "धीर सोडू नगंस, झुंज." गप पडून राहा असं कोण सांगतं?

रत्नाबाई बाकावरून उठली. तिला कालच्या गोष्टीतलं कणग्या उलथलेलं, भिंती फुटलेलं घर डोळ्यांसमोर दिसत होतं. आत उसळतोय तो वृषभ नव्हे, हे तिला कळत होतं. ते बिथरलेलं गाव आहे. पण कळणं निराळं आणि पुढं होणं निराळं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याच्या शब्दापुढं शब्द टाकला नव्हता. शिवाय पोरगं गेलं तर? एकदा दोन दिवस थांब म्हणून घालवलं, आणि दुसऱ्यांदा सही करून घालवलं, असं गाव म्हणेल. गाव राहू दे. ती स्वतःच म्हणेल, मरेपर्यंत. सही केली नाही आणि गेलं, तर निदान पाप जयपालच्या डोक्यावर जाईल.

एवढं सगळं मनात येऊन गेलं, आणि स्वतःचीच तिला शिसारी आली. पोरगं आत गुदमरतंय आणि मी पापाची वाटणी करतेय?

"आन तो कागद हिकडं," ती म्हणाली.

"रत्ना!" जयपाल गरजला.

"ओरडू नगासा. दवाखाना हाय." तिचं तिलाच नवल वाटलं, आवाज कापला नाही. "अवं, ताकद कमी न्हाय त्येची, लई झालीया. ती त्येलाच खायला उठलीया. तुमास्नी झुंज दिसती, पर ती कुनासंगं हाय? मशीन त्येचं वैरी हाय का? तुमी मला बोललासा, तपानं खाल्लं म्हून. बोला. जल्मभर बोला. माझी चूक हाय ती मी घेतली पदरात. पर तुमचा राग माझ्यावरचा हाय, त्येचं माप पोराच्या पदरात घालू नगासा."

जयपालनं काचेकडं बघितलं. शालूबाई काही बोलायला गेली, तर पारूबाईनं लांबूनच दटावलं, "गप ए बाई, आई बोलत्या न्हवं!"

रत्नाबाईनं सही केली. अक्षरं वाकडी आली, 'त्ना' तर ओळखूही येईना. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आत पळाली. काचेतून दिसलं: पाचजणी खाटेभोवती जमल्या, कुणी डोकं धरलं, कुणी नळी, आणि एका दमात पोराला पालथा केला. मग तो पडला. खरंच मड्यासारखा. मशीनचं ओरडणं थांबलं, आणि ती शांतता बघून जयपाल भिंतीला टेकून खाली बसला.

पुढचे दिवस कसे गेले ते रत्नाबाईला विचारू नका. ती बाकावर बसून णमोकार मंत्र म्हणायची, मध्येच विसरायची, परत पहिल्यापासून धरायची. जयपाल पलीकडच्या बाकावर. दोघांच्या मध्ये पारूबाई, एकदा इकडं तोंड, एकदा तिकडं. तिच्या संघर्षलाही तसंच पालथं घातलं होतं. "माझ्या सहीला कोन आडवं आलं न्हाय बघ," ती म्हणाली. "आडवं याला मानूसच न्हाय घरात."

आणि मग एका दुपारी डॉक्टरीणबाई आली आणि म्हणाली, "वृषभचा ऑक्सिजन थोडा कमी करता आला. सकाळचा फोटो कालच्यापेक्षा काळा आहे." काळा म्हणजे चांगला, हे आता सगळ्या बाकाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी आणखी कमी केला. ढिलं करायचं औषध बंद झालं. त्यानं डोळे उघडले आणि अक्षतानं काचेकडं बोट दाखवल्यावर मान जराशी, अगदी जराशी वळवली. गाव दमून घरी गेलं होतं एकदाचं.

जयपालला काय करू नि काय नको झालं. आवारात जाऊन त्यानं ओळखी-अनोळखी सगळ्यांना चहा पाजला. वर आला तो मोठ्यानं बोलतच. "माझं पोरगं! दुधातुपावर वाढलेलं. म्हनून तगलं! दुसरं कोन असतं तर..."

"गप बसा," रत्नाबाई म्हणाली. इतक्या हळू, की तो एकदम थांबला. मग त्यानं तिची नजर गेली तिकडं बघितलं.

पारूबाई दाराशी उभी होती. डॉक्टरीणबाई तिच्यापुढं, मास्क काढलेला, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. काय सांगत होती ते ऐकायला जावं लागलं नाही. संघर्षची फुफ्फुसं भरतच गेली होती. पालथं घातलं, हवा बेतानं दिली, जे वृषभला केलं तेच सगळं केलं. मग मूत्रपिंडं बसली, मग हृदय. त्याच्यातलं गाव थांबलंच नाही.

पारूबाई रडली नाही. येऊन आपल्या जागेवर बसली आणि डब्याचं झाकण उघडून परत लावलं. कोरडी भाकरी होती आत, रत्नाबाईसाठी वेगळी बांधलेली.

रत्नाबाईला कळेना काय करावं. पोरगं वाचलेली आई, पोरगं गेलेल्या आईजवळ कुठल्या तोंडानं जाणार? तरी गेली. शेजारी बसली, अगदी चिकटून.

"रत्नाक्का," पारूबाई समोर बघत म्हणाली, "माझं काय चुकलं गं?"

"काय न्हाय. काय चुकलं न्हाय तुझं. डॉक्टरीणबाईनं सांगिटलंय मला. कुनी चुकत न्हाय. त्या हाका हैत रक्तातल्या, त्या कुनाच्या थांबत्यात, कुनाच्या न्हाईत." रत्नाबाई घाईघाईनं बोलत होती, शब्द सांडत होते. "तू पयल्या दिशी आनलास त्येला. तू सगळं बरोबर केलंस बाई. चुकले ती मी. मी दोन दिस थांब म्हनले हुते."

पारूबाईनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. डोळे कोरडेच होते. मग तिनं तो भाताच्या चिखलानं भेगाळलेला हात रत्नाबाईच्या गुडघ्यावर ठेवला.

"मी दोन दिस थांबले न्हाय, आक्का," ती म्हणाली. "झालं काय?"

पारण्याच्या सकाळपासून न रडलेली रत्नाबाई त्या बाईच्या मांडीत डोकं घालून रडली. जिचं लेकरू नुकतंच गेलं होतं, ती तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.